फेसबुकवर दुसऱ्याच्या पोस्टला आपलं नाव : टॅगची मंजुरी हातात कशी ठेवायची, जुने टॅग कसे काढायचे?

सकाळी फोन उघडला की फेसबुकची घंटी वाजलेली असते. अमुक यांनी तुम्हाला एका पोस्टमध्ये टॅग केलं आहे. उघडून बघावं तर गॉगलचा फोटो, त्यावर 80 टक्के सवलतीची जाहिरात आणि खाली गावातल्या-पाहुण्यातल्या चाळीस जणांची नावं. त्यात आपलंही नाव. आपण काही विकत नाही, काही लिहिलं नाही, तरी लोकांना दिसतं ते आपलं नाव. बहुतेक जण 'असू दे' म्हणून पुढे सरकतात. पण तालुक्याच्या गावात ज्याचा धंदा नावावर चालतो, त्याला हे 'असू दे' महागात पडू शकतं.

एका रोपवाटिका चालकाचं उदाहरण घेऊ. नाव-गाव महत्त्वाचं नाही, कारण ही गोष्ट किराणा दुकानदार, दूध संकलन केंद्रवाले, शाळामास्तर, सरपंच अशा कुणाच्याही बाबतीत जशीच्या तशी घडू शकते. या माणसाच्या फेसबुकवर दीड-दोन हजार मित्र. निम्मे ओळखीचे शेतकरी, बाकीचे रोपं नेलेले किंवा कधीतरी चौकशी केलेले. मिरची-टोमॅटोची रोपं तयार झाली की तो फोटो टाकतो, त्यावरच बुकिंग येतं.

त्याच्या पुण्यातल्या चुलतभावाने एका रात्री एक लिंक उघडली. अपघातात कोण गेलं ते पाहा, असा मजकूर होता. पुढच्या पानावर फेसबुकचा पासवर्ड मागितला, त्याने टाकला. ते पान फेसबुकचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतभावाच्या खात्यावरून गॉगलच्या सेलचा फोटो पडला आणि त्यात चाळीस जणांना टॅग केलं गेलं. रोपवाटिका चालक त्यातलाच एक.

दोन दिवसांनी एक शेतकरी रोपवाटिकेवर आला. म्हणाला, "अण्णा, ते गॉगलचं तुमचं नाव होतं म्हणून बटन दाबलं. नऊशे नव्व्याण्णव गेले, माल काही आला नाही." या शेतकऱ्याची आणि पुण्याच्या चुलतभावाची ओळखदेख नाही. मग चुलतभावाची पोस्ट त्याच्यापर्यंत पोचली कशी? सगळी मेख इथेच आहे.

टॅग म्हणजे नुसतं नाव नाही

पोस्टमध्ये कुणाचं नाव साधं टाइप केलं तर ती नुसती अक्षरं असतात. टॅग वेगळा. टॅगच्या नावावर बोट ठेवलं की त्या माणसाचं प्रोफाइल उघडतं. हीच ओळखायची खूण. बोट ठेवून प्रोफाइल उघडलं तर टॅग, नाही उघडलं तर साधं नाव. साधं नाव काढून टाकायचं बटण आपल्याकडे नसतं, टॅग मात्र ज्याचा त्याला काढता येतो.

टॅग झाला की दोन गोष्टी होतात. एक, ती पोस्ट आपल्या प्रोफाइलवर येऊ शकते, म्हणजे आपलं प्रोफाइल उघडणाऱ्याला ती आपल्याच भिंतीवर लावल्यासारखी दिसते. दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. चुलतभावाची पोस्ट फक्त त्याच्या मित्रांसाठी असली, तरी टॅग झालेल्याचे मित्रही ती पाहणाऱ्यांत जोडले जातात. चुलतभावाच्या पाचशे मित्रांपर्यंत जाणारी जाहिरात एका टॅगमुळे रोपवाटिकेच्या दीड-दोन हजार लोकांसाठीही खुली झाली. चाळीस टॅग म्हणजे चाळीस जणांची मित्रमंडळी. जाहिरातीला एक रुपया खर्च नाही आणि वर ओळखीच्या माणसाच्या नावाचा शिक्का. भामट्यांना टॅग एवढा का आवडतो, त्याचं कारण हे.

हा प्रकार नवा नाही. जानेवारी 2015 मध्ये असाच एक व्हायरस फेसबुकवर पसरला होता. बाधित खात्यावरून अश्लील व्हिडिओची पोस्ट पडायची, त्यात वीसपर्यंत मित्रांना टॅग केलं जायचं. व्हिडिओ बघायला गेलं की फ्लॅश प्लेअर अपडेट करा असं सांगून खोटी फाइल उतरवली जायची. सुरक्षा संशोधक मोहम्मद फगानी यांनी त्यावेळी दिलेल्या माहितीनुसार दोन दिवसांत एक लाख दहा हजारांवर लोक त्यात अडकले. दहा वर्षांत आमिषं बदलली, कधी गॉगल, कधी अपघाताची बातमी, कधी अनुदानाचा अर्ज. पद्धत तीच राहिली, मित्राच्या तोंडून बोलायचं.

धोका अनोळखी माणसाचा नाही, मित्राच्या खात्याचा

मित्रयादीत नसलेल्या माणसाने टॅग केलं तर फेसबुक ती पोस्ट आपोआप आपल्या परवानगीसाठी थांबवून ठेवतं. आपण होकार दिल्याशिवाय ती आपल्या प्रोफाइलवर लागत नाही. मित्राने टॅग केलं तर मात्र अशी थांबवणूक नसते. ती सोय आहे, पण आपण स्वतः चालू करावी लागते. खेड्यापाड्यात बहुतेकांनी ती चालू केलेली नसते, कारण ती आहे हेच कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून भामटे नवं खोटं खातं काढून टॅग करण्यापेक्षा खऱ्या माणसाचं खातं हातात घेतात. त्याची पाच-सात वर्षांची मित्रमंडळी आयती मिळते आणि मित्राचा टॅग थेट प्रोफाइलवर जातो. चुलतभावाच्या बाबतीत हेच झालं. त्यामुळे 'मी अनोळखी लोकांची रिक्वेस्ट घेतच नाही' एवढ्यावर निर्धास्त राहून चालत नाही.

आधी तीन सेटिंग बदला

फेसबुक ॲपच्या मेनूमध्ये जा. काही फोनमध्ये तिथे तीन आडव्या रेषा दिसतात, काहींत आपलाच छोटा फोटो. तिथून "Settings & privacy" आणि मग "Settings" उघडा. खाली सरकत गेलं की "Audience and visibility" या भागात "Profile and tagging" असं लिहिलेलं सापडेल. सापडत नसेल तर सेटिंगच्या पानावर वरच शोधायची चौकट असते, तिथे tagging टाइप करा. ॲप मराठीत ठेवलेलं असेल तर शब्द मराठीत दिसतील, पण बाबी त्याच असतात. गोंधळ होत असेल तर तेवढ्यापुरती भाषा इंग्रजी करून काम उरकावं.

आत बऱ्याच ओळी आहेत. त्यातल्या तीन कामाच्या.

पहिली ओळ, "Review posts you're tagged in before the post appears on your profile?" ही चालू करा. याचा अर्थ, मित्राने टॅग केलं तरी ती पोस्ट आधी आपल्याकडे तपासायला येईल. आपण होकार दिला तर प्रोफाइलवर लागेल, नाहीतर लागणार नाही.

दुसरी ओळ, "Review tags people add to your posts before the tags appear on Facebook?" हीसुद्धा चालू करा. ही पहिलीसारखीच वाटते, पण काम उलटं करते. पहिली दुसऱ्याच्या पोस्टमधल्या आपल्या नावासाठी, तर ही आपल्या पोस्टवर दुसऱ्याने टाकलेल्या नावांसाठी. रोपांचा फोटो आपण टाकला आणि एखाद्या मित्राने त्यावर भलत्याच माणसाचं किंवा पेजचं नाव चिकटवलं, तर ते आपल्या मंजुरीशिवाय दिसणार नाही. मित्रयादीबाहेरच्याने असं केलं तर फेसबुक तसंही विचारतं. मित्रांसाठी ही ओळ चालू लागते.

तिसरी ओळ सगळ्यात लांबलचक आहे आणि म्हणूनच बहुतेक जण ती वाचत नाहीत. "When you're tagged in a post, who do you want to add to the audience of the post if they can't already see it?" साध्या भाषेत, मला कुणी टॅग केलं तर माझ्या मित्रांनाही ती पोस्ट दाखवायची का? बहुतेकांच्या फोनमध्ये इथे "Friends" असतं, कारण ते कुणी बदललेलंच नसतं. ते "Only me" करा. रोपवाटिका चालकाने हे आधी केलं असतं, तर चुलतभावाची मित्रांपुरती टाकलेली ती पोस्ट या टॅगच्या वाटेने शेतकऱ्यापर्यंत पोचलीच नसती.

इथे एक मर्यादा ध्यानात ठेवावी. मूळ पोस्ट सगळ्यांसाठी खुली असेल, म्हणजे तिच्यावर पृथ्वीच्या गोळ्याचं चिन्ह असेल, तर या तिसऱ्या ओळीचा उपयोग नाही. ती पोस्ट तशीही कुणालाही दिसते.

तीन ओळी झाल्या की तिथेच थोडं वर "Who can post on your profile?" असं दिसतं. आपल्या भिंतीवर कुणी काय चिकटवायचं याची ती किल्ली. धंद्यासाठी प्रोफाइल वापरणाऱ्याने ती "Only me" ठेवली तर नुकसान काही नाही, फक्त वाढदिवसाच्या दिवशी भिंत थोडी मोकळी दिसेल.

मंजुरी चालू केली, तरी नाव तसंच का?

रोपवाटिका चालकाच्या मुलाने त्याच रात्री वडिलांच्या फोनमध्ये पहिली ओळ चालू करून दिली. दोघांना वाटलं, विषय संपला. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "ती जाहिरात अजून दिसतेय की."

घोळ असा, की नवी मंजुरी मागच्या टॅगना लागू होत नाही. ती पुढे येणाऱ्या पोस्टसाठी असते. आधीच लागलेला टॅग लागलेलाच राहतो.

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ही मंजुरी फक्त आपल्या प्रोफाइलच्या दाराशी उभी आहे. कुणी टॅग केलं आणि आपण तपासणीत "Hide" दाबलं, तर पोस्ट आपल्या प्रोफाइलवर येणार नाही एवढंच. टॅग करणाऱ्याच्या प्रोफाइलवर, लोकांच्या फीडमध्ये, शोधून पाहणाऱ्याला ती पोस्ट दिसू शकते, आणि त्यात आपलं नावही. आपल्या अंगणात पत्रक पडू दिलं नाही, पण चावडीवर लावलेल्या त्याच पत्रकावर आपलं नाव कायम आहे, असा हा प्रकार.

म्हणून दोन शब्दांतला फरक पक्का समजून घ्यावा. "Hide from profile" म्हणजे माझ्या प्रोफाइलवर दाखवू नका, नाव राहू द्या. "Remove tag" म्हणजे माझं नावच काढा. भंगार पोस्टसाठी पहिलं बटण दाबून उपयोग नाही, दुसरं दाबावं लागतं.

टॅग काढायला ती पोस्ट उघडा, कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर बोट ठेवा आणि "Remove tag" निवडा. कधी फेसबुक एक-दोन प्रश्न विचारतं, तेवढी उत्तरं द्या. नाव गेलं की नाही हे लगेच तपासावं. पोस्ट बंद करून पुन्हा उघडा आणि नावांच्या यादीत आपलं नाव शोधा. "आणि इतर 39 जण" असं लिहिलेलं असतं, त्यावर बोट ठेवलं की पूर्ण यादी उघडते. आपलं नाव नसेल तर काम झालं.

टॅग काढला म्हणजे पोस्ट नष्ट झाली असं नाही. ती टाकणाऱ्याच्या खात्यावर आहेच, आणि उरलेल्या एकोणचाळीस जणांची नावंही. म्हणून टॅग काढण्याच्या आधी त्याच तीन टिंबांमधून पोस्टची तक्रार करून ठेवावी. त्यासाठी रिपोर्टचा पर्याय असतो, त्यात फसवणूक किंवा स्पॅम हे कारण निवडावं. कुणी तक्रार केली हे फेसबुक त्या माणसाला सांगत नाही.

आणि तक्रारीच्याही आधी पोस्टचा स्क्रीनशॉट काढून ठेवायला विसरू नये. त्यात टाकणाऱ्याचं नाव, तारीख आणि जाहिरातीची लिंक दिसली पाहिजे. कुणाचे पैसे गेले असतील तर पुढे हाच पुरावा.

चुलतभावाला फोन कुणी करायचा?

टॅग काढला, तरी खातं भामट्याच्या हातात आहे तोवर उद्या पुन्हा चाळीस जणांना टॅग होणार. कायमचा उपाय खात्याच्या मालकाकडेच. पण अनेकदा त्यालाच पत्ता नसतो, कारण त्याच्या फोनवर फेसबुक नेहमीसारखं चालू असतं.

त्याला मेसेंजरवर लिहू नये. खातं दुसऱ्याच्या हातात असेल तर मेसेज तोच वाचेल आणि 'अरे मीच टाकलंय, चांगली ऑफर आहे' असं उत्तरही देईल. सरळ फोन करावा. रोपवाटिका चालकाने केला तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, "दादा, मी कसले गॉगल विकतोय? मी तर कंपनीत आहे."

चुलतभावाने करायची कामं अशी. पासवर्ड बदलायचा. सेटिंगमध्ये "Password and security" मध्ये जाऊन "Where you're logged in" पाहायचं आणि आपले नसलेले फोन-कॉम्प्युटर तिथून बाहेर काढायचे. दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे "Two-factor authentication", चालू करायची. खात्यात शिरताच येत नसेल तर facebook.com/hacked या पत्त्यावर जाऊन खातं परत मिळवायची प्रक्रिया सुरू करायची. मग ती पोस्ट काढून टाकायची. मूळ पोस्ट गेली की सगळ्यांचे टॅग एका झटक्यात जातात.

मालकाचा पत्ताच लागत नसेल, तर त्या खात्याला ब्लॉक करावं. ब्लॉक केलेल्या खात्याला आपल्याला टॅग करता येत नाही. खातं परत मिळाल्यावर ब्लॉक काढता येतो, यात नातं तुटत नाही.

ज्या शेतकऱ्याचे नऊशे नव्व्याण्णव गेले, त्याने 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करायला हवा होता, किंवा cybercrime.gov.in वर तक्रार. रक्कम लहान म्हणून लोक तक्रार करत नाहीत, आणि दोन दिवस थांबतात. तेवढ्यात पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जातात. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम मधेच गोठवता येण्याची शक्यता जास्त.

कायदा काय म्हणतो, आणि गाव काय म्हणतं

दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न न्यायालयात वेगळ्या रूपात येऊन गेला आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं, की व्हॉट्सॲप ग्रुपमधल्या सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला ॲडमिन आपोआप जबाबदार ठरत नाही, त्यासाठी दोघांचा समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसावं लागतं. तो निकाल ग्रुप ॲडमिनबद्दल होता, फेसबुकच्या टॅगबद्दल नाही. पण त्यातून एवढं कळतं, की नाव जोडलेलं असणं आणि मजकुरात हात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पारावर मात्र हा फरक कुणी करत नाही. तिथे 'तुमचं नाव होतं' एवढंच पुरतं. शिवाय टॅग झालेली पोस्ट आपण पाहिली, त्यावर लाइक दिलं किंवा अंगठा म्हणून काहीतरी लिहिलं, तर नंतर 'मला माहीतच नव्हतं' म्हणणं अवघड होतं. भंगार पोस्टवर 'हे माझं नाही' अशी कॉमेंट करण्याचा मोह होतो, पण कॉमेंटमुळे पोस्ट आणखी लोकांपुढे जाऊ शकते. खुलासा करायचाच तर आपल्या स्वतःच्या प्रोफाइलवर वेगळी पोस्ट टाकून करावा. रोपवाटिका चालकाने चार ओळी टाकल्या, की गॉगलची जाहिरात त्याची नाही, त्या लिंकवर पैसे भरू नका आणि कुणी भरले असतील तर 1930 वर फोन करा. त्या पोस्टखाली आणखी दोघांनी आपले पैसे गेल्याचं सांगितलं.

जुने टॅग : वर्षांचा साठा एका संध्याकाळी

गॉगल हे एक निमित्त झालं. मुलगा वडिलांच्या जुन्या टॅगमध्ये शिरला तेव्हा सहा वर्षांचा साठा निघाला. नेत्यांच्या वाढदिवसाचे बॅनर, ज्यात एका फोटोत पन्नास-पन्नास नावं. दोन वेगवेगळ्या पक्षांच्या प्रचाराच्या पोस्ट, दोन्हीकडे वडिलांचं नाव. पैसे दुप्पट करून देणाऱ्या एका योजनेचं पत्रक, जी केव्हाच बंद पडली. आणि त्यातच मधूनमधून बहिणीच्या लग्नाचे, यात्रेचे, पहिल्या ट्रॅक्टरचे फोटो.

हे एकेक पोस्ट शोधत बसायची गरज नाही. आपल्या प्रोफाइलवर जा, तीन टिंबांवर बोट ठेवा, "Activity log" उघडा. त्यात "Activity you're tagged in" हा भाग असतो. आत आपण टॅग असलेले फोटो वेगळे आणि पोस्ट-कॉमेंट वेगळ्या अशा याद्या मिळतात. यादीत प्रत्येकापुढे छोटी चौकट असते. नको त्या पोस्टच्या चौकटीत खूण करत जायचं आणि शेवटी एकदाच "Remove tags" दाबायचं.

काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. सगळ्यांवर एकदम खूण करण्याची सोय दिसली तरी ती घाईने वापरू नये. लग्नाच्या अल्बममधूनही नाव जाईल. दुसरं, तारखेची चाळणी, म्हणजे "Filters" मधली "Date", वापरून एकेक वर्ष घ्यावं. वर्षभराची यादी एका बैठकीत उरकते, सहा वर्षांची अर्ध्यावर सुटते. तिसरं, काढायला सुरुवात कुठून करायची हे ठरवावं. आधी पैशाच्या योजना आणि विक्रीच्या जाहिराती, कारण त्यावर आजही कुणी फसू शकतं. मग राजकीय. वाढदिवसाचे बॅनर सगळ्यात शेवटी, ते उपद्रवी कमी आणि जागा अडवणारे जास्त.

इथे गावात एक अडचण हमखास निघते. नेत्याच्या बॅनरवरून नाव काढलं तर त्याला कळेल का? टॅग काढल्याची सूचना फेसबुक त्याला पाठवत नाही. त्याने स्वतः जुना बॅनर उघडून पन्नास नावं मोजली तरच कळणार. तेवढंही नको असेल, तर अशा पोस्टपुरता "Hide from profile" हा मधला मार्ग बरा. नाव राहतं, पण आपलं प्रोफाइल पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला तो बॅनर आपल्या भिंतीवर दिसत नाही.

साफसफाई झाल्यावर प्रोफाइलवरच्या तीन टिंबांतून "View As" उघडून पाहावं. अनोळखी माणसाला आपलं प्रोफाइल कसं दिसतं ते त्यात कळतं. पण ते फक्त आपल्या प्रोफाइलचं चित्र. दुसऱ्याच्या प्रोफाइलवर आपलं नाव कुठे आहे, ते त्यात दिसत नाही, त्यासाठी "Activity log" हीच खरी वही.

इन्स्टाग्रामवर थोडं वेगळं

घरातल्या पोराबाळांचं खातं इन्स्टाग्रामवर असतं आणि तिथे टॅगचा त्रास अनोळखी खात्यांकडून जास्त होतो. एक फायदा असा, की तिथे टॅग करण्यावरच बंदी घालता येते. सेटिंगमध्ये "Tags and mentions" उघडा. कोण टॅग करू शकतं याला तीन पर्याय आहेत, सगळे, आपण फॉलो करतो ते, किंवा कुणीच नाही. मधला पर्याय बहुतेकांना पुरेसा आहे. त्याशिवाय "Manually approve tags" चालू केलं की टॅग झालेला फोटो आपण मंजूर केल्यावरच प्रोफाइलवर येतो. जुना टॅग काढायचा असेल तर फोटोवरच्या आपल्या नावावर बोट ठेवून "Remove me from post" निवडावं. इथेही फक्त प्रोफाइलवरून लपवण्याचा पर्याय शेजारीच असतो, दोन्हींतला फरक फेसबुकसारखाच.

जे या सेटिंगने थांबत नाही

फेसबुकच्या ग्रुपमध्ये कुणीतरी @everyone लिहितं आणि सगळ्या सदस्यांना सूचना जाते. हा टॅग वाटतो, पण वर सांगितलेली मंजुरी त्याला अडवत नाही. तिथे उपाय म्हणजे त्या ग्रुपच्या सूचना बंद करणं, किंवा ग्रुप कामाचा नसेल तर सोडून देणं.

धंद्याचं पेज चालवणाऱ्यांना आणखी एक प्रकार भेटतो. 'तुमचं पेज नियमभंगामुळे बंद होणार आहे, चोवीस तासांत इथे अर्ज करा' असं सांगत फेसबुकच्या नावाचं आणि चिन्हाचं एखादं पेज आपल्या पेजला टॅग करतं. फेसबुक असा इशारा कुणाच्या पोस्टमध्ये टॅग करून देत नाही. त्या लिंकवर पासवर्ड टाकला की चुलतभावासारखीच गत.

आणि कुणी आपला फोटो-नाव वापरून दुसरं खातंच काढलं असेल, तर तो टॅगचा विषय नाही. त्या प्रोफाइलवर जाऊन तीन टिंबांतून तक्रार करावी आणि कुणीतरी आपलं सोंग घेतलं आहे हे कारण द्यावं. ओळखीच्या दहा-बारा जणांनाही तसंच करायला सांगावं.

रोपवाटिका चालकाच्या फोनमध्ये आता आठवड्याला तीन-चार टॅग तपासायला येतात. प्रोफाइलच्या तीन टिंबांत "Review posts and tags" इथे ते साठलेले दिसतात. रविवारी संध्याकाळी मुलगा आणि तो बसून पाहतात. साखरपुड्याचा फोटो असेल तर होकार, बॅनर असेल तर लपवणं, जाहिरात असेल तर तक्रार करून नाव काढणं. पाच मिनिटांचं काम आहे. गेल्या हंगामात त्याच्या भिंतीवर मिरचीच्या रोपांशिवाय दुसरं काही विकायला नव्हतं.